महिना 10 टक्के : जरा आकडेमोड

प्रश्न : दादरला एक जण त्याच्या स्कीममध्ये पैसे टाकले तर महिना 10 टक्के देतो म्हणतो. खरा धंदा एवढं कमावू शकतो का?

छोटा धंदा कमावतो, आणि इथेच लोक फसतात. स्टेशनबाहेरचा भाजीवाला पाच हजारांचं भांडवल रोज फिरवतो, त्याला महिन्याला 10 टक्क्यांहून बरंच जास्त सुटतं. पण त्याला पाच कोटी द्या. तेवढी गिऱ्हाइकं आणणार कुठून?

म्हणून टक्का सोडा, रक्कम बघा. महिना 10 टक्के चक्रवाढीने वर्षात 3.14 पट, पाच वर्षांत सुमारे 304 पट. स्कीमने 100 कोटी गोळा केले, तर देणं 30,000 कोटींवर जातं. व्याज दरमहा उचललं तरी महिन्याला 10 कोटी निव्वळ नफा हवा, एजंटचं कमिशन वेगळंच. एवढा नफा खरंच असेल, तर तो बँकेचं कर्ज सोडून तुमच्याकडे का येतो, हेही विचारा.