हप्ता पुढच्या वर्षी सुरू होणार, मग आत्ताच पैसे भरायचे का?

प्रश्न: मॅडम, मी लातूर जिल्ह्यातला. पुण्यात इंजिनीअरिंग केलं. 2021 ते 2024 दरवर्षी ऑगस्टमध्ये दीड लाख असं सहा लाखांचं शैक्षणिक कर्ज सरकारी बँकेतून घेतलं, बाबा सहकर्जदार आहेत. जुलै 2025 मध्ये निकाल लागला, ऑगस्टपासून नोकरी आहे, हातात 28 हजार येतात. बँक म्हणते हप्ता ऑगस्ट 2026 पासून. पण खात्यात आत्ताच साडेसात लाख बाकी दिसते! मित्र म्हणतात, मुदत आहे तोवर एक रुपया भरू नकोस. बाबा म्हणतात, सोयाबीनचे पैसे आले की होतील तेवढे भरून टाकू, नाहीतर रोज व्याजावर व्याज चढेल. कोणाचं ऐकू? धाकटी बहीण बारावीला आहे, तिलाही कर्ज लागेलच.
– एक वाचक, लातूर

उत्तर:

वरचे दीड लाख कुठून आले, ते आधी पाहू. मोरेटोरियममध्ये, म्हणजे बँकेने दिलेल्या या मुदतीत, फक्त हप्ता थांबतो. व्याज पहिली रक्कम कॉलेजला गेली त्या दिवसापासून चालू असतं. दर दहा टक्के धरला तर 2021 च्या दीड लाखावर जुलै 2025 पर्यंत चार वर्षांचे 60 हजार झाले, दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर 45, तिसऱ्यावर 30 आणि शेवटच्यावर 15 हजार. बेरीज बरोबर दीड लाख. मधल्या काळात दर बदलला असेल तर आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण हिशोब हाच.

या हिशोबातच बाबांच्या काळजीचं उत्तर आहे. सरकारी बँका बहुतेक बँकांच्या संघटनेच्या ज्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेवर चालतात, तिच्यात शिक्षणाच्या आणि मोरेटोरियमच्या काळात सरळव्याज लागतं. साचलेल्या व्याजावर या काळात व्याज चढत नाही. दर महिन्याला चक्रवाढ असती तर तुझी बाकी आज पावणेआठ लाखांच्या जवळ गेली असती. तरी खात्री करून घे. स्टेटमेंट काढ आणि गेल्या वर्षभरातल्या व्याजाच्या नोंदी बघ. सहा लाखांवर दहा टक्क्यांनी 31 दिवसांच्या महिन्याला साधारण 5,096, 30 दिवसांच्या महिन्याला 4,932 आणि फेब्रुवारीला 4,603 रुपये लागतात. दिवसांनुसार आकडा असाच वरखाली होत असेल तर सरळव्याज आहे. दर तोच असताना तो महिन्यागणिक वाढतच चालला असेल तर चक्रवाढ आहे. काही खासगी वित्तसंस्थांच्या कर्जात ती असते आणि तसं असेल तर पुढचा माझा सल्ला लागू होणार नाही. मग दर महिन्याचं व्याज आत्तापासूनच भरत जायचं.

तुझं व्याज सरळ आहे असं धरून पुढे जाते. आजपासून दर महिन्याला सुमारे 5 हजार या गतीने जुलै 2026 पर्यंत आणखी 60 हजार साचतील आणि एकूण व्याज 2 लाख 10 हजार होईल. मोरेटोरियम संपला की बँक ही सगळी रक्कम मुद्दलात मिसळते. त्या दिवसापासून तुझं मुद्दल 8 लाख 10 हजार. आधी ज्या 2 लाख 10 हजारांवर काहीच चढत नव्हतं, त्यावरही आता दहा टक्के लागतात. दहा वर्षांची परतफेड घेतलीस तर हप्ता येतो 10,704 रुपये. पहिल्या हप्त्यातले 6,750 व्याजातच जातात, मुद्दल फिटतं जेमतेम 3,954.

म्हणून तुझ्यासाठी महत्त्वाची तारीख 31 जुलै 2026. मित्रांचं ऐकून तोवर हातावर हात ठेवून बसलास तर पुढची दहा वर्षं व्याजावर व्याज भरशील. पण बाबांनी सोयाबीनचे पैसे दिवाळीतच घाईने बँकेत ओतायचंही कारण नाही. भरलेली रक्कम बँक सहसा आधी साचलेल्या व्याजात जमा करते. सरळव्याजाच्या काळात ते व्याज नोव्हेंबरमध्ये भरलं काय नि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात भरलं काय, कर्जाच्या हिशोबात फरक पडत नाही. त्या पैशाची खरी गरज रब्बीच्या पेरणीला आहे. पेरणीसाठी बाहेरून उसने घेऊन मुलाचं कर्ज फेडायचं, हे मला अजिबात पटत नाही.

शाखेत मात्र एक गोष्ट विचारून घे: मी आत्ता रक्कम भरली तर ती व्याजात जमा होईल की मुद्दलात? थेट मुद्दलात जमा करतो, असं त्यांनी लेखी दिलं तर चित्र बदलतं. मग भरलेल्या प्रत्येक रुपयावरचं दहा टक्के व्याज त्याच दिवशी थांबतं आणि लवकर भरणं फायद्याचं ठरतं.

तसं नसेल तर मी काय करायला सांगेन? सप्टेंबरच्या पगारापासून दर महिन्याला 9 हजारांचं आवर्ती ठेव खातं सुरू कर. 28 हजारांत पुण्यातली खोली आणि मेस भागवून हे ओढाताणीचं आहे, मला कल्पना आहे. पण ऑगस्ट 2026 पासून याहून मोठी रक्कम दर महिन्याला कापली जाणारच आहे, आणि ती झेपते का हे आत्ताच कळलेलं बरं. दुसरं म्हणजे ही पहिली नोकरी आहे. प्रोबेशनमध्येच ती गेली तर ठेवीतले पैसे हाताशी असतील. कर्जात भरलेले पैसे परत मागता येत नाहीत. जुलैपर्यंत अकरा पगारांतून 99 हजार जमतील, शिवाय त्यावरचं थोडं व्याज. ते जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात कर्जखात्यात भर आणि व्याजात जमा झाल्याची पावती घे. शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नकोस, नोंद व्हायला उशीर झाला तर सगळ्यावर पाणी पडेल.

मग मुद्दल 8 लाख 10 हजारांऐवजी 7 लाख 11 हजारांपासून सुरू होईल आणि दहा वर्षांचा हप्ता 9,396 रुपये बसेल. अकरा महिने 9 हजार बाजूला टाकायची सवय झालेली असेल, तेव्हा तो अंगावर येणार नाही. दहा वर्षांचा विचार केलास तर 99 हजार भरून तू सुमारे 1 लाख 57 हजारांचे हप्ते वाचवतोस.

बँक बहुधा पंधरा वर्षांची मुदतही देऊ करेल. हप्ता 7,640 पर्यंत उतरतो म्हणून ती गोड वाटते, पण एकूण भरणा सुमारे अडीच लाखांनी वाढतो. पगार वाढला की जास्तीचे भरू, असं सगळेच म्हणतात. पगार वाढतो, पण त्याच्या आधी गाडीचा हप्ता येतो. तू दहा वर्षंच घे. बदलत्या दराच्या वैयक्तिक कर्जावर मुदतीआधी फेड केली म्हणून दंड लागत नाही, तेव्हा पुढे जास्तीचे भरलेस तर 'हप्ता कमी नको, मुदत कमी करा' असं लिहून दे.

आता दोन गोष्टी अशा आहेत की त्या तपासल्याशिवाय वरच्या हिशोबाला हात लावू नकोस.

पहिली म्हणजे मंजुरीपत्र. बँकेने तोंडी ऑगस्ट 2026 सांगितलं असलं तरी पत्रात काय लिहिलंय ते वाच. आज बहुतेक सरकारी बँकांत अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्ष अशी मुदत असते. पण पूर्वी 'अभ्यासक्रमानंतर एक वर्ष किंवा नोकरी लागल्यावर सहा महिने, यांपैकी जे आधी' अशी अट असे आणि काही ठिकाणी ती अजून सापडते. ती तुझ्या पत्रात असेल तर तुझा हप्ता फेब्रुवारी 2026 लाच सुरू होतो. अशा वेळी खात्यात पैसे नसल्याने हप्ता चुकतो आणि मुलाला ते कळतं महिन्या-दोन महिन्यांनी, घरी नोटीस आल्यावर. चुकलेला हप्ता तुझ्याइतकाच सहकर्जदार म्हणून बाबांच्या सिबिलवरही चढतो. 90 दिवस थकला तर खातं एनपीए. म्हणून परतफेडीचं वेळापत्रक शाखेकडून छापील घे आणि पुण्यातल्या पगारखात्यातून आपोआप कपातीचा मॅन्डेट हप्ता सुरू व्हायच्या आधीच करून ठेव.

दुसरी गोष्ट तू पत्रात लिहिलेलीच नाहीस, पण ती सगळ्यांत मोठ्या रकमेची आहे. कर्ज घेताना तुमचं वार्षिक कौटुंबिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत होतं का? असेल, आणि कॉलेज नॅक किंवा अभ्यासक्रम एनबीए मानांकित असेल, तर केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत मोरेटोरियमच्या काळातलं व्याज सरकार भरतं. तू कर्ज घेतलंस तेव्हा विनातारण साडेसात लाखांपर्यंतचं कर्ज त्यात बसत होतं, म्हणजे तुझे सहा लाखही बसतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला त्या वेळी दिला होता का, बँकेने दावा पाठवला का आणि कोणत्या वर्षांचं अनुदान आलं, हे तिन्ही प्रश्न शाखेला लेखी विचार आणि अर्जावर पोच घे. अनुदान आलं असेल तर स्टेटमेंटमध्ये जमेची नोंद दिसेल. तुझी बाकी पाहता आजवर काहीच आलेलं दिसत नाही. पात्र असून दावा राहून गेला असेल तर प्रश्न 2 लाख 10 हजारांचा आहे. शाखेने टाळाटाळ केली तर विभागीय कार्यालयात तक्रार दे, संकोच करू नकोस.

शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची कलम 80ई ची करसवलत ऐकली असशील. ती फक्त जुन्या करप्रणालीत आहे आणि तुझ्या पगारावर तसाही कर लागत नाही. आज तिचा विचार सोडून दे.

पुढे कधी नोकरी गेलीच तर हप्ता चुकायच्या आधी शाखेत जाऊन मुदत मागायची. बेरोजगारीच्या काळात पुन्हा सवलत देण्याची तरतूद आदर्श योजनेत आहे. ती द्यायची की नाही हे बँक ठरवते, आणि खातं नियमित असलेल्याची विनंती ती सहज ऐकते.

बहिणीसाठी कर्जाचा अर्ज करण्याआधी शुल्कमाफी बघा. आर्थिकदृष्ट्या मागास, एसईबीसी किंवा ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना महाराष्ट्रात 2024-25 पासून कॅप फेरीतून मिळालेल्या व्यावसायिक प्रवेशाचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. मग कर्ज उरेल ते वसतिगृह आणि मेसपुरतं. त्यावरचं व्याज पहिल्या महिन्यापासून भरत जा. तुझ्या कर्जावर हे केलं असतं तर पहिल्या वर्षी महिना 1,250, दुसऱ्या वर्षी 2,500, तिसऱ्या वर्षी 3,750 आणि त्यानंतर 5 हजार पुरले असते, आणि आज बाकी सहा लाखच दिसली असती. शिवाय शिक्षण चालू असताना व्याज नियमित भरणाऱ्याला बऱ्याच बँका दरात एक टक्का सूट देतात. तिच्या मंजुरीपत्रावर सही करण्याआधी ही सूट त्यात लिहिलेली आहे का, ते तू स्वतः वाचून बघ.