टाइल्सवरचे गंजाचे डाग

लोखंडी बादली आणि तेलाच्या डब्याचे गंजाचे ओघळ बाथरूम-बाल्कनीच्या टाइल्सवर पडलेत, कसे काढू?

ब्लीच अजिबात लावू नका, गंज त्याने जात नाही, तो आम्लात विरघळतो. किराणा दुकानातलं लिंबूसत्व दोन चमचे घ्या, अर्धी वाटी गरम पाण्यात विरघळवा, त्यात टिश्यू पेपर भिजवून डागावर चिकटवा आणि वर प्लास्टिकची पिशवी दाबून ठेवा म्हणजे वाळणार नाही, तासाभराने उचललात की कागद पिवळट झालेला दिसेल, मग नायलॉनच्या घासणीने घासून भरपूर पाण्याने धुवा. तारेची घासणी नको, तिचे कण अडकून परत गंजतात. सांध्यातल्या डागावर हे दोन-तीनदा करावं लागतं. फरशी संगमरवर, कडप्पा किंवा शहाबादी असेल तर मात्र हे करू नका, आम्लाने चट्टा पडतो. आमच्याकडे तुळशीच्या डब्याखाली आता प्लास्टिकची ताटली असते.