गाण्याचे पैसे दिले होते, पण कशासाठी?

«वडिलांनी १९७०च्या दशकात केलेला चित्रपट आता ऑनलाइन येणार आहे. त्यात बाहेरच्या रेकॉर्डवरून घेतलेली दोन गाणी आहेत. वडिलांनी त्यांचे पैसे तेव्हाच दिले, लेखी करारही आहे. प्लॅटफॉर्म म्हणतो, हक्क दाखवा नाहीतर गाणी बदला. जुना करार मी पूर्ण वाचलेला नाही, प्लॅटफॉर्मच्या करारावर मात्र सही केली आहे. पैसे देऊन घेतलेलं गाणं का काढायचं?»

सही करण्याआधी जुना करार वाचायला हवा होता. हे मला वारंवार लिहावं लागतं आणि दर वेळी वाईट वाटतं. प्लॅटफॉर्मच्या करारात बहुधा अशी हमी असते की संगीताचे सगळे हक्क तुमच्याकडे आहेत आणि कोणी दावा लावला तर भरपाई तुम्ही द्याल. ते कलम आहे का, हे आजच पाहा. असेल तर त्यांना लेखी कळवा की दोन गाण्यांची तपासणी सुरू आहे, तोवर प्रदर्शन थांबवा.

मग जुना करार काढा. रक्कम, तारीख, सह्या नंतर पाहू. आधी एकच कलम शोधा: गाण्यासकट चित्रपट कोणत्या माध्यमांत दाखवायची परवानगी दिली आहे?

या एका कलमावर सगळं कसं फिरतं, ते दोन अमेरिकी खटल्यांत दिसतं. ‘मीडियम कूल’ या चित्रपटात वापरलेल्या एका गाण्याचा परवाना १९६९चा होता. त्यात चित्रपटगृह आणि दूरदर्शन यांवर दाखवायची मुभा होती, आणि न दिलेले सगळे हक्क मालकाने स्वतःकडे राखले होते. पुढे चित्रपट व्हिडिओ कॅसेटवर आला. निर्मात्यांचं म्हणणं, कॅसेटही टीव्हीच्याच पडद्यावर बघतात. अपील कोर्टाने १९८८ मध्ये ते मानलं नाही: दूरदर्शनवर काय आणि कधी लागेल हे प्रक्षेपण करणारा ठरवतो, कॅसेट बघणाऱ्याच्या हातात असते. परवान्यात कॅसेट बसली नाही.

दुसरा खटला ‘फॅन्टेझिया’चा. संगीतकार स्ट्राविन्स्कीने १९३९ मध्ये ६,००० डॉलर घेऊन डिस्नेला आपली रचना चित्रपटासाठी ‘कोणत्याही रीतीने, माध्यमात वा स्वरूपात’ ध्वनिमुद्रित करायची परवानगी दिली. हक्क राखून ठेवण्याचं वाक्य इथेही होतं. तरी दुसऱ्या एका अपील कोर्टाने १९९८ मध्ये म्हटलं की परवान्याची भाषाच इतकी रुंद आहे की व्हिडिओ तिच्यात मावतो. नको होता तर मालकाने तसा अपवाद लिहून घ्यायचा होता. व्हिडिओ बाजारात आला होता १९९१ मध्ये. सात वर्षांनी आलेला हा निकालही शेवटचा नव्हता, काही मुद्दे पुन्हा खालच्या कोर्टाकडे गेले. कोर्टात जाऊन बघू म्हणणाऱ्यांनी ही सात वर्षं लक्षात ठेवावीत.

हे निकाल तुमच्याकडच्या कोर्टावर बंधनकारक नसतील, करारांचा अर्थ लावण्याचे नियमही जागोजागी वेगळे. पण तुमच्या करारात नुसतंच ‘चित्रपटगृह आणि दूरदर्शन’ असेल, किंवा ठरावीक वर्षांची मुदत असेल आणि ती संपली असेल, तर प्लॅटफॉर्मचं म्हणणं मला बरोबर वाटतं.

‘बाहेरच्या रेकॉर्डवरून’ हे तुमचे शब्दही महत्त्वाचे आहेत. रेकॉर्डवरच्या गाण्यात दोन मालमत्ता असतात: शब्द-चाल एक, आणि त्या गायकाच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण दुसरी. मालक बहुधा वेगळे, परवानेही वेगळे. तुमचा करार एकाशीच झाला असेल तर दुसऱ्याचं काय झालं, हे कागदावरच शोधावं लागेल. दोघांनाही स्वतंत्र पत्रं लिहा आणि नव्या माध्यमासाठी, शक्य तितक्या लांब मुदतीची परवानगी मागा. शब्द-चालीचा मालक तयार झाला आणि ध्वनिमुद्रणाचा अडला, तर तेच गाणं दुसऱ्या गायकाकडून नव्याने गाऊन घेता येतं. पुन्हा प्रदर्शित झालेल्या काही चित्रपटांत चाल तीच पण आवाज परका लागतो, तो यामुळे. शब्द-चालीचाच मालक नाही म्हणाला तर मात्र नवं गाणं बसवा किंवा प्रसंग कापा.

तिथेही एक अडचण आहे, म्हणून पत्रं टाकतानाच दुसरीकडे चौकशी करा. संवाद, संगीत आणि इतर आवाज यांच्या वेगवेगळ्या पट्ट्या जपल्या आहेत का? सगळं एकत्र मिसळलेली एकच पट्टी उरली असेल, तर गाणं काढताना त्याच्यावर बोललेले संवादही जातात. मग संवाद पुन्हा बोलून घ्यावे लागतात, नाहीतर अख्खा प्रसंग जातो. वडिलांचं सामान ज्या लॅबमध्ये किंवा गोदामात आहे तिथे डबे उघडून पट्ट्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून घ्या. मग जुना करार आणि प्लॅटफॉर्मचा करार, दोन्हींच्या पूर्ण प्रती मला पाठवा. माध्यमाचं कलम वाचल्याशिवाय यापुढे काही सांगणं योग्य होणार नाही.