अनुभवाचा वर्ग ठेवावा की नाही, हे रीसेट चाचणी का सांगू शकली नाही

प्रश्न: जळगाव एमआयडीसीतल्या डाळमिल आणि जिनिंगमधल्या २४० कामगारांची माहिती गोळा केली आहे. रोजच्या मजुरीच्या लॉगवर शिक्षणाची वर्षे आणि अनुभवाची वर्षे घेऊन रिग्रेशन केले. रीसेटचे पी-मूल्य ०.२९ आले, म्हणजे रेषीय रूप चालते असे सर म्हणतात. पण अनुभवाच्या वर्षांचा वर्ग मॉडेलमध्ये घातला तर त्याचा टी −३.६८ येतो. वर्ग ठेवू की काढू? दोन्ही तक्ते जोडले आहेत.

उत्तर:

वर्ग ठेवा. तुमच्या सरांचे म्हणणे पुष्कळ ठिकाणी ऐकू येते, आणि धुळ्याला विद्यार्थ्यांना हा भाग शिकवताना मीही काही वर्षे तसेच सांगत असे. परंतु तुमच्या दोन निकालांत खरे तर विरोध नाही, कारण त्या दोन चाचण्या डेटाला दोन वेगळे प्रश्न विचारत आहेत.

रीसेट ही मॉडेलचे रूप चुकले आहे का हे पाहणारी चाचणी. रॅम्झी यांनी १९६९ साली मांडलेल्या या चाचणीत आधी रेषीय मॉडेल बसवून प्रत्येक कामगाराच्या मजुरीचे अंदाजित मूल्य काढतात, मग त्या मूल्याचा वर्ग आणि घन ही दोन नवी पदे त्याच मॉडेलमध्ये घालतात आणि त्या दोघांचे सहगुणक एकत्रितपणे शून्य आहेत का, हे एफ चाचणीने पाहतात. तुमच्या तक्त्यात अवशेषांच्या वर्गांची बेरीज ४८.० वरून ४७.५ वर आली आहे. दोन पदांसाठी ०.५ ची घट, म्हणजे पदामागे ०.२५; त्याला ४७.५ भागिले २३५ म्हणजे सुमारे ०.२०२ ने भागले की एफ १.२४ येतो, आणि त्याचेच पी-मूल्य ०.२९. गणितात चूक नाही. प्रश्न आहे तो अंदाजित मूल्याच्या वर्गात अनुभवाची वक्रता किती उतरते, हा.

तुमच्या रेषीय मॉडेलमध्ये शिक्षणाचा सहगुणक ०.०८ आणि अनुभवाचा ०.००६ आहे. स्थिरपद आणि रेषीय पदे मॉडेलमध्ये आधीच असल्यामुळे अंदाजित मूल्याच्या वर्गातून नवे असे जे उरते ते तीन तुकड्यांचे मिश्रण असते: शिक्षणाचा वर्ग, शिक्षण आणि अनुभव यांचा गुणाकार, आणि अनुभवाचा वर्ग. त्यांची वजने अनुक्रमे ०.००६४, ०.०००९६ आणि ०.००००३६ अशी ठरून जातात. तिघांना मिळून एकच सहगुणक मिळतो, त्यामुळे डेटा 'पहिले दोन नकोत, तिसराच हवा' असे म्हणूच शकत नाही. सरासरीपेक्षा ८ वर्षे जास्त शिकलेल्या माणसाचा शिक्षणाचा तुकडा ०.४१ इतका होतो, तर सरासरीपेक्षा २० वर्षे जास्त अनुभव असलेल्याचा अनुभवाचा तुकडा जेमतेम ०.०१४. म्हणजे तुमच्या रीसेटने मुख्यतः शिक्षणाचा परिणाम वाकलेला आहे का, हेच तपासले, आणि त्याचे उत्तर 'तसे दिसत नाही' असे आले. घनाच्या पदानेही यात मोठा फरक पडत नाही, कारण तो त्याच अंदाजित मूल्याचा घन आहे.

यातली खरी गंमत अशी की वक्रतेचा माथा अनुभवाच्या पसाऱ्यात जितका मधोमध, तितकी ही चाचणी तिला कमी पाहू शकते. तुमच्याकडे अनुभव १ ते ४५ वर्षे पसरलेला आहे आणि सरासरी २३ च्या आसपास आहे. वर्गासह मॉडेलमध्ये अनुभवाचा सहगुणक ०.०३८ आणि वर्गाचा −०.०००७ येतो, म्हणजे मजुरी सुमारे २७ वर्षांपर्यंत चढते आणि मग उतरते. अशा टेकडीवरून सरळ रेषा ओढली की चढ आणि उतार एकमेकांना खाऊन टाकतात आणि उतारमान ०.००६ इतके क्षीण उरते. टेकडी नेमकी मधोमध असती तर ते शून्य झाले असते, अंदाजित मूल्यात अनुभव उरलाच नसता, आणि वर्गाची सर्वांत जास्त गरज असतानाच रीसेट त्याबाबत पूर्ण आंधळी ठरली असती.

म्हणून ज्या पर्यायाची शंका आधीपासून स्पष्ट आहे, त्याची चाचणी थेट त्याच पदाने घ्यावी. अनुभवाचा वर्ग घातल्यावर तुमची बेरीज ४८.० वरून ४५.४ वर येते, एका पदासाठी २.६ ची घट, ४५.४ भागिले २३६ म्हणजे ०.१९२ ने भागले की १३.५ येतात, ज्याचे वर्गमूळ ३.६८ हाच तुमचा टी. शिवाय हे पद निकाल पाहून सुचलेले नाही. मिन्सर यांच्या १९७४ च्या मांडणीपासून मजुरीच्या समीकरणात ते नेहमी घेतले जाते, कारण वयानुसार माणूस नवे कौशल्य शिकण्यात कमी कमी वेळ घालतो. रीसेट वापरायचीच असेल तर अंदाजित मूल्याऐवजी मूळ चलांचे वर्ग घेणारा तिचा प्रकार वापरा. आरमध्ये `lmtest` लोड करून:

```
m1 <- lm(log(majuri) ~ shikshan + anubhav, data = d)
resettest(m1, power = 2:3, type = "fitted")
resettest(m1, power = 2, type = "regressor")
```

तिसऱ्या ओळीत शिक्षण आणि अनुभव या दोघांचे वर्ग स्वतंत्र सहगुणकांसह जातात. एकट्या अनुभवाच्या वर्गानेच २.६ ची घट होते, त्यामुळे तिथे एफ किमान ६.७ येईल आणि रेषीय रूप नाकारले जाईल. दुसऱ्या ओळीत मात्र तुम्हाला तुमचे १.२४ च दिसेल.

वर्ग ठेवल्यावर त्या नव्या मॉडेलवर रीसेट पुन्हा चालवणे योग्यच आहे. तुमच्या तक्त्यात बेरीज ४५.४ वरून ४५.२ होते, एफ ०.५२ आणि पी-मूल्य ०.६०. त्याचा अर्थ एवढाच की या दिशेने अजून काही उरलेले दिसले नाही. वर्गाचेच रूप अचूक आहे असा नव्हे. येथे एफ मोठा आला असता तर माझी पहिली नजर शिक्षणावर गेली असती, कारण दहावी, बारावी आणि आयटीआय या पायऱ्यांवर मजुरी एकदम उडी घेते आणि वर्षांची सरळ रेषा ती उडी धरू शकत नाही. स्टाटामध्ये याच चाचणीच्या आज्ञेचे नाव `estat ovtest` असे आहे, त्यामुळे 'सुटलेली चले नाहीत' असा निष्कर्ष काही जण काढतात. तोही काढू नका: कुशलता किंवा आरोग्य हे सुटलेले असेल आणि त्याचा संबंध तुमच्या चलांशी सरळ रेषेतच असेल, तर रीसेटला त्याचा पत्ता लागत नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या डेटात मला खटकते. हमालांना गोणीमागे मजुरी मिळते, तर यंत्र चालवणाऱ्यांना आणि फिटरांना ठरलेला पगार. त्यामुळे अवशेषांचे विचरण सगळ्यांत सारखे असण्याची शक्यता कमी आहे आणि वरचे एफ व टी हे दोन्ही त्या गृहीतकावर उभे आहेत. `sandwich` मधील `vcovHC` घेऊन वर्गाचा टी पुन्हा काढा. पाठ थकली की गोण्या कमी होतात, पण फिटरचा हात वयाबरोबर मुरतो, म्हणून २७ वर्षांचा माथा हा कदाचित कोणाचाच नसेल: हमालांचा अलीकडे आणि फिटरांचा पलीकडे असू शकेल, आणि दोघांची सरासरी २७ वर येऊन बसली असेल. कामाच्या प्रकाराचे डमी चल घेऊन त्याला अनुभव आणि अनुभवाचा वर्ग या दोन्हींशी गुणा, त्या गुणाकारांची एकत्रित एफ चाचणी करा, आणि २७ वर्षांपुढचे कामगार प्रत्येक गटात किती आहेत तेही मोजा. एखाद्या गटात पाच-सहाच निघाले तर त्या गटाचा उतार त्या पाच-सहा माणसांवरच टेकलेला असेल.