चौकट गुण्यात वाळावी म्हणून क्लॅम्प कसा लावायचा?

प्रश्न: कपाटाच्या दारासाठी सागवानाची चौकट जोडली. क्लॅम्प घट्ट आवळून रात्रभर ठेवली. सकाळी सोडली तर कोपरे गुण्यात नाहीत, वर कडेला क्लॅम्पचे वळ उठलेत. कुठं चुकलं?

उत्तर:

मला यात क्लॅम्पची चूक दिसते. कुसू नीट कापलेले असले तरी सांध्यात ओला फेविकॉल असेपर्यंत तो वंगणासारखा काम करतो. त्यामुळे क्लॅम्प जरा तिरपा बसला की अख्खी चौकट त्या अंगाला सरकते. जितका जास्त आवळाल तितकी जास्त सरकते.

आधी वळांचं बघू. क्लॅम्पचं तोंड लाकडावर थेट टेकवू नका, मध्ये लाकडी ठोकळा ठेवा. मी वाळलेल्या बाभळीचे तुकडे ठेवतो. वखर-तिफणीचं लाकूड ते, दबत नाही. त्यांच्यावर पॅकिंगची खाकी टेप चिकटवलेली असते, नाहीतर ओघळलेल्या फेविकॉलनं ठोकळाच चौकटीला कायमचा चिकटतो. ठोकळ्याची जाडी चौकटीइतकी घ्या आणि तो बरोबर आडव्या पट्टीच्या समोर बसवा, दोन आडव्या पट्ट्यांच्या मधल्या मोकळ्या जागी नाही. मधे दाब दिला तर उभी पट्टी आत वाकते. क्लॅम्पच्या स्क्रूचा दाबही पट्टीच्या जाडीच्या मधोमध यायला हवा. तो वर गेला तर सांधा वरून मिटलेला दिसतो आणि चौकट उलटी केली की मागं फट सापडते.

आता कर्ण. मागच्या उन्हाळ्यात परभणीला एका खिडकीचं काम केलं, चौकट आतून 900 बाय 1200 मिमी. या मापाचा कर्ण हिशोबानं बरोबर 1500 येतो. क्लॅम्प आवळल्यावर एक कर्ण 1503 आला, दुसरा 1497. फरक 6 मिमी, म्हणजे दोन सूत. ऐकायला किरकोळ वाटतं, पण वरची पट्टी खालचीच्या मानानं साधारण 5 मिमी बाजूला गेली होती. पल्ला बसवताना हे लगेच डोळ्यात येतं.

अशा वेळी हातोडीनं ठोकत बसू नका. लांब कर्ण वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत होता. दोन्ही क्लॅम्प थोडे सैल केले. प्रत्येकाचं डावं तोंड जरासं वर सरकवलं, उजवं तेवढंच खाली, आणि परत आवळलं. क्लॅम्प लांब कर्णाच्या दिशेनं झुकला की तोच कर्ण आखडतो. अर्ध्या बोटाच्या झुकावात काम झालं, दोन्ही 1500 वर आले. तोंड सरकवायला जागा हवी म्हणून उभ्या पट्ट्या दोन्ही टोकांना 25 मिमी जास्त लांब ठेवायच्या. जादा भाग नंतर करवतीनं उडवायचा.

माप टेपनं घेऊ नका. टेपच्या टोकाचा हूक आतल्या कोपऱ्यात नीट टेकत नाही. दोन बारीक पट्ट्या घ्या, एकेक टोक टोकदार करा आणि एकमेकींवर धरून कोपऱ्याकोपऱ्यात टेकवा. जिथं जुळतात तिथं दोन्हींवर मिळून पेन्सिलीची एक रेघ मारा, मग तशाच दुसऱ्या कर्णावर न्या. रेघ फुटली तर फरक तिथंच दिसतो, आकडा वाचायची गरज नाही. कोपऱ्यात साचलेला फेविकॉल मात्र आधी पुसा, नाहीतर माप त्यावर टेकतं.

कर्ण सारखे आले तरी दोन गोष्टी सुटू शकतात. वरची आणि खालची पट्टी कमी-जास्त लांबीची असेल तरी कर्ण जुळतात, आणि चौकट मात्र सुपासारखी निमुळती होते. म्हणून समोरासमोरच्या पट्ट्या जोडीनंच खुणा करून कापा. दुसरं म्हणजे पीळ. माझ्याच एका देवघराच्या दाराचे कर्ण तंतोतंत होते, पण मी ते फरशी खचलेल्या ओसरीवर वाळत ठेवलं. एक कोपरा कायमचा अधांतरी राहिला. तेव्हापासून दोन सरळ पट्ट्या चौकटीच्या दोन टोकांना आडव्या ठेवून, डोळा खाली नेऊन, त्यांच्या कडा एका रेषेत दिसतात का ते बघतो.

हे सगळं आधी फेविकॉल न लावता एकदा करून बघा. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये फेविकॉल बघता बघता धरतो, तेव्हा ठोकळे शोधायला वेळ नसतो. मी जोडणी सकाळी सातच्या आत उरकतो. आवळल्यावर दहा मिनिटांनी कर्ण पुन्हा बघतो, कारण क्लॅम्प बसता बसता थोडा सरकतो.

तुमची चौकट आता वाळलीय. कर्णांतला फरक सूतभर असेल तर बाहेरच्या कडा रंध्यानं गुण्यात काढा. जास्त असेल तर सांध्याला हीट गननं सावकाश शेक द्या, पांढरा फेविकॉल उष्णतेनं मऊ होतो. सांधा उकलल्यावर जुना थर पटाशीनं खरवडून कोरं लाकूड उघडं करा, वाळलेल्या थरावर नवा धरत नाही.