दोन उपकरणांना जोडलेला हेडफोन आणि भलतीकडेच वाजणारे गाणे

प्रश्न : माझ्या हेडफोनला अँड्रॉइड मोबाइल आणि ऑफिसचा विंडोज ११ लॅपटॉप असे दोन्ही एकाच वेळी जोडलेले आहेत. मोबाइलवर स्पॉटिफायमध्ये गाणं लावतो, तर कधी ते लॅपटॉपच्या स्पीकरवर सुरू होतं, आणि कधी मोबाइलवर गाणं पुढे सरकताना दिसतं पण कानात काहीच ऐकू येत नाही. मीटिंग संपल्यावर तर हे हमखास होतं. हेडफोन खराब आहे का?

उत्तर : नाही, हेडफोन ठीक आहे. तुम्ही सांगितलेल्या दोन गोष्टी एकाच बिघाडासारख्या वाटत असल्या, तरी त्यांची कारणे वेगवेगळी आहेत. गाणे लॅपटॉपच्या स्पीकरवर वाजते, तेव्हा तो निर्णय स्पॉटिफायने घेतलेला असतो आणि हेडफोनचा त्यात संबंध नसतो. मोबाइलवर गाणे पुढे सरकते पण कानात शांतता असते, तेव्हा निर्णय हेडफोनने घेतलेला असतो आणि स्पॉटिफायला त्याचा पत्ताही नसतो. दोन्ही वेळा लोक हेडफोन विसरवून पुन्हा जोडत बसतात, आणि त्यामुळे दोन-चार तास बरे वाटून पुन्हा तेच सुरू होते.

कोणता निर्णय आड येतो आहे हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. पुढच्या वेळी असे झाले की लॅपटॉपचे फक्त ब्लूटूथ बंद करावे आणि मोबाइलवर गाणे सुरू करावे. तरीही लॅपटॉपच वाजू लागला, तर कारण स्पॉटिफायमध्ये आहे. ब्लूटूथ बंद करताच कानात गाणे येऊ लागले, तर लॅपटॉपने हेडफोन अडवून ठेवला होता.

आधी हेडफोनकडे पाहू. दोन उपकरणांशी एकाच वेळी जोडलेले राहण्याच्या सोयीला मल्टिपॉइंट म्हणतात. ही सोय हेडफोनच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये असावी लागते. खोक्यावर ब्लूटूथ ५.३ छापले आहे म्हणून ती असेलच असे नाही. बऱ्याच हेडफोनांमध्ये ती कंपनीच्या अ‍ॅपमधून आधी चालू करावी लागते. लॅपटॉपची पहिली जोडणी करताना मोबाइल पुष्कळदा सुटतो, म्हणून लॅपटॉप जोडून झाल्यावर मोबाइलच्या ब्लूटूथ यादीत हेडफोनच्या नावावर पुन्हा एकदा टिचकी मारावी लागते. दोन्ही पडद्यांवर एकाच वेळी `Connected` दिसले, की मल्टिपॉइंट खरोखर चालू आहे असे समजावे. एकाने जोडले की दुसरे सुटत असेल, तर हेडफोन दोन उपकरणे फक्त लक्षात ठेवतो आहे, दोघांशी एकदम जोडला जात नाही.

जोडण्या दोन असल्या तरी संगीताचा प्रवाह मात्र नेहमीच्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये एका वेळी एकच चालतो. मोबाइल आणि लॅपटॉप यांचे आवाज एकत्र मिसळून कानात येत नाहीत; हेडफोन एकाला निवडतो. निवडीचे नियम कंपनीगणिक बदलतात. काही हेडफोन जो आधी वाजत आहे त्यालाच धरून ठेवतात आणि तो थांबेपर्यंत दुसऱ्याला दाद देत नाहीत, तर काही नंतर सुरू होणाऱ्याकडे लगेच वळतात. तुमचा हेडफोन कोणत्या प्रकारचा आहे हे एका मिनिटात कळते : लॅपटॉपवर एखादा व्हिडिओ चालू ठेवावा, मोबाइलवर कोणतेही ध्वनिमुद्रण सुरू करावे आणि कानात काय येते ते पाहावे. फोनचा कॉल आला तर मात्र बहुतेक सर्व हेडफोन संगीत सोडून कॉलकडे जातात.

खरी मेख पुढे आहे. अमुक उपकरण वाजते आहे हे हेडफोनला आवाज ऐकून कळत नाही. त्या उपकरणाने ध्वनिप्रवाह सुरू केला आहे की थांबवला आहे, एवढेच त्याला कळते. त्यामुळे ब्राउझरच्या एखाद्या टॅबने ध्वनिप्रवाह उघडा ठेवून त्यातून निव्वळ शांतता पाठवली, तरी हेडफोनच्या लेखी लॅपटॉप वाजतच असतो. व्हिडिओचा आवाज शून्यावर आणल्यानेही हेच होते, कारण आवाज शून्य करणे म्हणजे प्रवाह थांबवणे नव्हे; त्यासाठी व्हिडिओ थांबवावा लागतो. आधीच्याला धरून ठेवणारा हेडफोन असेल, तर अशा मूक टॅबमुळे मोबाइलचे गाणे कानापर्यंत पोहोचतच नाही, आणि तुमचे दुसरे लक्षण बहुधा इथूनच येते. नंतरच्याकडे वळणाऱ्या हेडफोनमध्ये याच्या उलट त्रास होतो. लॅपटॉपवर ईमेल आल्याची टुणकन सूचना वाजते, तेवढ्याने प्रवाह सुरू होतो, आणि मोबाइलचे चालू गाणे काही सेकंद तुटते किंवा थांबून राहते.

मीटिंगमुळे यात आणखी भर पडते. मीटिंगचे अ‍ॅप हेडफोनचा मायक्रोफोन उघडते, तेव्हा हेडफोन संगीताची वाट सोडून कॉलच्या वाटेवर जातो; आवाज एकदम डबक्यातून आल्यासारखा होतो तो याच कारणाने. मीटिंगची खिडकी नुसती लहान करून ठेवली असेल, किंवा अ‍ॅपने मायक्रोफोन सोडला नसेल, तर बोलणे संपूनही हेडफोनच्या हिशेबी कॉल चालूच राहतो. विंडोजच्या खालच्या पट्टीत, घड्याळाजवळ, मायक्रोफोनचे लहान चिन्ह दिसत असेल, तर कोणते तरी अ‍ॅप अजून मायक्रोफोन धरून आहे असे समजावे.

आता स्पॉटिफाय. त्यात स्पॉटिफाय कनेक्ट नावाची व्यवस्था आहे. तिच्यामुळे एका खात्यावर एका वेळी एकच उपकरण प्रत्यक्ष वाजवते आणि त्याच खात्याने उघडलेली बाकीची अ‍ॅप त्याचे रिमोट होतात. लॅपटॉप हे सक्रिय उपकरण असताना मोबाइलवर गाणे निवडले, तर तुम्ही मोबाइलवर गाणे लावलेले नसते, लॅपटॉपला हुकूम दिलेला असतो. हा हुकूम इंटरनेटवरून जातो, ब्लूटूथवरून नाही. म्हणून लॅपटॉप ऑफिसात विसरून तुम्ही घरी आलात तरीही तो तिथे वाजू शकतो. मोबाइलवर गाण्याची पट्टी अगदी खरी असल्यासारखी सरकते, त्यामुळे फसगत पूर्ण होते. खूण एकच, आणि ती बारीक आहे : गाण्याच्या पट्टीत हिरव्या अक्षरांत दुसऱ्या उपकरणाचे नाव आलेले असते. उपकरणांच्या चिन्हावर टिचकी मारून यादीतून `This phone` निवडले, की गाणे तिथल्या तिथे मोबाइलवर येते. ही खूण एवढी पुसट का ठेवली आहे, हे मला आजवर उमगलेले नाही.

मीटिंगनंतर हमखास काय होते, ते आता क्रमाने लावून पाहता येईल. सकाळी तुम्ही मोबाइलवर गाणी ऐकत होता आणि मीटिंगआधी ती थांबवली. बराच वेळ काहीच वाजले नाही, की सक्रिय उपकरण म्हणून असलेली मोबाइलची नोंद सुटते. मीटिंगभर आवाज लॅपटॉपकडून येत होता, त्यामुळे हेडफोनच्या हिशेबी शेवटचा वाजवणारा लॅपटॉप ठरला. मीटिंग संपल्यावर तुम्ही हेडफोनवरचे प्लेचे बटण दाबले. बटणाचा इशारा सहसा शेवटच्या वाजवणाऱ्याकडे जातो, म्हणजे लॅपटॉपकडे. विंडोजने तो मागे उघड्या असलेल्या स्पॉटिफायकडे सोपवला, त्याने गाणे सुरू केले आणि लॅपटॉप सक्रिय उपकरण झाला. विंडोजचे नेहमीचे आउटपुट स्पीकर असेल, आणि हेडफोन फक्त मीटिंगच्या अ‍ॅपमध्ये निवडलेला असेल, तर गाणे सगळ्या खोलीला ऐकू जाते. गडबडीत तुम्ही लॅपटॉपवर ते थांबवले, मोबाइल हातात घेतला आणि प्ले दाबले, पण मोबाइल आता रिमोट झालेला असल्याने पुन्हा लॅपटॉपच वाजला. इथे प्रत्येक टप्प्यावर प्रत्येक यंत्र आपापल्या नियमाने अगदी बरोबर वागले आहे.

माझ्या मते यावरचा टिकाऊ उपाय म्हणजे कामांची वाटणी करणे : संगीत मोबाइलकडे, लॅपटॉपकडे फक्त मीटिंग. त्यासाठी लॅपटॉपवर दोन गोष्टी बदलाव्या लागतात. पहिली म्हणजे, लॅपटॉपवरच्या स्पॉटिफायची गरज नसेल तर त्यातून खाते बाहेर काढावे. गरज असेल तर निदान संगणक सुरू होताच ते आपोआप उघडण्याची सोय त्याच्या सेटिंगमध्ये बंद करावी, आणि खिडकी मिटल्यावर ते मागे चालू राहत नाही ना हे घड्याळाजवळच्या चिन्हांत पाहावे. ब्राउझरमधला स्पॉटिफायचा टॅबसुद्धा उपकरणच मोजला जातो, तो विसरू नये.

दुसरी गोष्ट विंडोजच्या आवाजाची. `Win + R` दाबून पुढील आज्ञा द्यावी :

```
mmsys.cpl
```

उघडलेल्या खिडकीत `Playback` या भागात लॅपटॉपच्या स्पीकरवर उजवी टिचकी मारून `Set as Default Device` निवडावे, आणि हेडफोनवर तशीच टिचकी मारून `Set as Default Communication Device` निवडावे. यानंतर ब्राउझर, सूचना आणि इतर किरकोळ आवाज स्पीकरकडे जातात, हेडफोनकडे लॅपटॉपचा प्रवाह मीटिंगपुरताच सुरू होतो. मीटिंगच्या अ‍ॅपच्या स्वतःच्या सेटिंगमध्येही हेडफोन निवडलेला आहे ना, हे एकदा तपासावे, कारण तिथली निवड विंडोजच्या निवडीपेक्षा वरचढ असते. सूचना स्पीकरवर वाजलेल्याही नको असतील, तर त्याच खिडकीच्या `Sounds` या भागात `No Sounds` ही योजना निवडावी. मीटिंगमध्ये मायक्रोफोन म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा मायक्रोफोन निवडला, तर हेडफोनचा आवाजही डबक्यात जात नाही. खोली शांत असेल तर मी हेच सुचवीन.

ऑफिसच्या लॅपटॉपवर या सेटिंगना हात लावता येत नसेल, तर मोबाइलच्या बाजूने एक आडवाट आहे. स्पॉटिफायचे सशुल्क सदस्यत्व असेल आणि गाणी मोबाइलवर उतरवून ठेवलेली असतील, तर मोबाइलच्या स्पॉटिफायमध्ये ऑफलाइन मोड चालू करावा. इंटरनेटशी संबंध तुटल्यामुळे मोबाइल कोणाचाही रिमोट होऊ शकत नाही आणि गाणे त्याच्यावरच वाजते. मूक टॅबचा त्रास मात्र याने जात नाही, तो टॅब बंदच करावा लागतो.

बटणाबद्दलही सांगतो. मीटिंगनंतरचे पहिले प्ले हेडफोनवर न दाबता मोबाइलच्या पडद्यावर दाबावे. त्यामुळे मोबाइल शेवटचा वाजवणारा ठरतो आणि त्यानंतर हेडफोनचे बटण त्याच्याकडेच जाते. बटण दाबल्यावर लॅपटॉपवरच्या क्रोममधला एखादा जुना व्हिडिओ जागा होत असेल, तर `chrome://flags/#hardware-media-key-handling` या पानावर ती सोय `Disabled` करता येते. त्याची किंमत एवढीच, की कीबोर्डवरची प्ले-पॉजची कळही क्रोमपुरती निकामी होते.

हे सगळे मल्टिपॉइंट असलेल्या हेडफोनांना लागू आहे. अ‍ॅपलचे एअरपॉड वापरणाऱ्या सदस्यांनी ही सेटिंग शोधत बसू नये, कारण ते अ‍ॅपल खात्याच्या आधारे स्वतः उपकरण बदलतात. त्यांची उडी थांबवायची असेल, तर आयफोनच्या ब्लूटूथ यादीत एअरपॉडच्या नावाशेजारच्या माहितीच्या चिन्हात जाऊन `Connect to This iPhone` समोर `When Last Connected to This iPhone` निवडावे, आणि आयपॅड किंवा मॅकवरही तेच करावे.

तुम्ही आधी लॅपटॉपचे ब्लूटूथ बंद करून ती कसोटी करून पाहा, आणि दोन्हीपैकी काय झाले तेवढे इथे लिहा. हेडफोनचे मॉडेलही सांगितलेत, तर तो आधीच्याला धरून ठेवणारा आहे की नंतरच्याकडे वळणारा, हे तेच मॉडेल वापरणारे इतर सदस्य सांगू शकतील.