थायरॉईडची गोळी लोह आणि कॅल्शियमसोबत घ्यावी का?

"आईला परवा थायरॉईड निघाला. डॉक्टरांनी ५० ची गोळी उपाशीपोटी घ्यायला सांगितली. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी आधीपासून सुरू आहे. सकाळी सगळ्या एकदमच घेतल्या तर चालतं का? आणि रक्त परत कधी तपासायचं?"

एकदम घेऊ देऊ नका. लोह आणि कॅल्शियम आतड्यात थायरॉईडच्या गोळीतील लेव्होथायरॉक्सिन या औषधाला धरून ठेवतात, त्यामुळे गोळी पोटात जाऊनही रक्तात पुरेशी उतरत नाही. आम्लपित्ताच्या चघळायच्या गोळ्या आणि पातळ औषधेही हेच करतात. या सर्वांत आणि थायरॉईडच्या गोळीत किमान ४ तासांचे अंतर हवे.

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझे औषधांचे दुकान आहे. मागच्या वर्षी निंदणाच्या दिवसांत एक बाई दुसरा अहवाल घेऊन आल्या. थायरॉईड कमी पडले की रक्तात वाढणारा टीएसएच सुरुवातीला १४ होता आणि ५० मायक्रोग्रॅमची गोळी दोन महिने न चुकता घेऊनही तो ११ वरच अडला होता. गोळी कशी घेता असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "वावरात जायची घाई असते जी, तिन्ही गोळ्या चहाच्या घोटासंगं घेऊन टाकतो." मी त्यांना तसेच डॉक्टरांकडे परत पाठवले. डॉक्टरांनी मात्रा न वाढवता फक्त वेळ बदलली: पहाटे पाचला उठताच साध्या पाण्यासोबत थायरॉईडची गोळी, सहा वाजता चहा, दुपारच्या जेवणानंतर लोह आणि रात्रीच्या जेवणासोबत कॅल्शियम. दोन महिन्यांनी टीएसएच ३.८ आला. चूक लक्षात न येता मात्रा वाढवली गेली असती आणि पुढे कधीतरी त्यांनी गोळी नीट घ्यायला सुरुवात केली असती, तर तीच मात्रा जास्त होऊन छातीत धडधड, हाताला कंप आणि झोप उडणे असा त्रास झाला असता.

आईंनाही असेच वेळापत्रक घालून द्या. गोळीनंतर चहासुद्धा अर्धा ते एक तास नको. दुधाचा असो की काळा, दोन्ही मोजायचे. पहाटे जमतच नसेल तर रात्रीच्या जेवणानंतर ३ तासांनी गोळी घेता येते, मात्र मग कॅल्शियम दुपारी सरकवावे लागेल आणि हा बदल डॉक्टरांना सांगूनच करावा. उन्हाळ्यात आपल्याकडे पत्र्याच्या घरात काय तापते ते तुम्ही जाणताच. गोळ्या मूळ वेष्टनातच, घरातील सर्वांत थंड आणि कोरड्या जागी ठेवा.

रक्ततपासणी ६ ते ८ आठवड्यांनी करावी. हे औषध शरीरातून निम्मे व्हायलाच साधारण एक आठवडा लागतो आणि टीएसएच त्याहून सावकाश हलतो, म्हणून पंधरा दिवसांत केलेली तपासणी बहुधा दिशाभूल करते. त्या दिवशी आधी रक्त द्यावे, मग गोळी घ्यावी. आदल्या दिवसांची गोळी मात्र बंद करू नये. मात्रा बदलली की पुन्हा तेवढेच आठवडे थांबायचे, आणि आकडा स्थिरावला की डॉक्टर सहसा ६ ते १२ महिन्यांनी बोलावतात. आईंना हृदयविकार असेल तर मात्र छातीत दुखल्यास किंवा धडधड वाढल्यास पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.